आज पाच लाख की वीस वर्षे दरमहा दोन हजार?
भूसंपादनातील एकरकमी भरपाई आणि वार्षिक हप्ते यांचा वर्तमान मूल्याच्या आधारे हिशेब

गोदाकाठी वसलेल्या निफाड तालुक्यातील सायखेड्याच्या परिसरात द्राक्षबागा, कांदा आणि ऊस यांवर जितकी जमीनमालकांची उपजीविका चालते, तितकीच ती छाटणी, विरळणी आणि कांदा लागवडीच्या रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबांचीही चालते. एखाद्या प्रकल्पासाठी अशा शिवारातील जमीन संपादित झाली, तर मालकाला जमिनीची किंमत मिळते. ज्याच्या नावावर सात-बारा नाही, त्या मजुराचे काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने या प्रश्नाचे काही अंशी उत्तर दिले. संपादनापूर्वी सलग तीन वर्षे त्या क्षेत्रात शेतमजुरी, कुळ-वहिवाट किंवा वाटेकरी शेती करणाऱ्या आणि त्या संपादनामुळे उपजीविकेचे मुख्य साधन गमावणाऱ्या भूमिहीन कुटुंबालाही या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ मानले.

या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबापुढे तीन पर्याय ठेवलेले आहेत. प्रकल्पातून रोजगार निर्माण होत असल्यास कुटुंबातील एकास नोकरी, हा पहिला. एकदाच पाच लाख रुपये, हा दुसरा. आणि दरमहा किमान दोन हजार रुपये वीस वर्षे देणारी वार्षिकी, म्हणजेच वर्षासन, हा तिसरा. वर्षासनाची रक्कम शेतमजुरांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी ‘योग्य रीतीने’ जोडलेली असावी, असेही कायदा सांगतो. हे सर्व जमिनीच्या किमतीखेरीज आहे. जमीनमालकाच्या दृष्टीने ही एकूण मोबदल्यातील एक लहान बाब ठरते. भूमिहीन कुटुंबाच्या दृष्टीने मात्र हाच भरपाईचा मुख्य भाग असतो. निवड चुकली तर ती सुधारण्याची संधी सहसा मिळत नाही.

रस्ता किंवा कालवा यांसारख्या प्रकल्पांत नोकरीचा पर्याय बहुधा नावापुरताच उरतो. खरी निवड पाच लाख आणि वर्षासन यांत होते. या दोन रकमांची तुलना कशी करावी, हा येथील विषय आहे.

बेरीज का फसवते?

पहिला विचार सहज सुचतो तो बेरजेचा. दरमहा दोन हजार म्हणजे वर्षाला २४ हजार. वीस वर्षांचे ४ लाख ८० हजार. पाच लाखांहून ही रक्कम थोडी कमी आहे. त्यात महागाईप्रमाणे होणारी वाढ धरली, तर चित्र पालटते. भाव दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेले, तर विसाव्या वर्षीचा हप्ता ६० हजार ६०० रुपयांच्या घरात जाईल आणि वीस हप्त्यांची बेरीज सुमारे ७ लाख ९४ हजार भरेल. आठ लाखांच्या जवळ जाणारी ही रक्कम पाच लाखांपुढे ठेवली की कोणीही वर्षासनाकडेच झुकेल.

परंतु या बेरजेत एक दोष आहे. पुढच्या वर्षी मिळणारा रुपया आणि वीस वर्षांनी मिळणारा रुपया तीत एकाच मोलाचा धरला आहे. आज हाती आलेले शंभर रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाअखेर १०७ होतात. याचाच अर्थ, वर्षभरानंतर मिळणाऱ्या १०७ रुपयांचे आजचे मोल शंभर रुपये आहे, आणि वर्षभरानंतर मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मोल साधारण ९३ रुपये ४६ पैसे. यालाच वर्तमान मूल्य म्हणतात. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभराचे वर्तमान मूल्य सुमारे ५१ रुपये, तर वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभराचे अवघे २६ रुपये भरते.

कृती साधी आहे. ज्या वर्षी हप्ता मिळणार, तितक्या वेळा त्यास १.०७ ने भागावे. पहिल्या वर्षीचा हप्ता एकदा, दुसऱ्या वर्षीचा दोनदा, विसाव्या वर्षीचा वीस वेळा. आलेल्या वीस आकड्यांची बेरीज म्हणजे त्या हप्त्यांच्या मालिकेची आजची किंमत. तिचीच तुलना एकरकमी देकाराशी करता येते. कच्च्या बेरजेची नव्हे.

एका कुटुंबाचा हिशेब

सायखेड्याच्या शिवारातील एक काल्पनिक कुटुंब घेऊ. नवरा अडतीस वर्षांचा, पत्नी चौतीस वर्षांची, दोन मुले शाळेत. जमीन नाही, दोघेही द्राक्षबागांत रोजंदारीवर जातात. त्यांच्यापुढे पाच लाख किंवा दरमहा दोन हजार, असा पर्याय ठेवला गेला आहे. सोपेपणासाठी महिन्याचे हप्ते एकत्र करून वर्षाअखेर २४ हजार मिळतात असे धरू. प्रत्यक्षात पैसे दरमहा येत असल्याने वर्षासनाचे मोल पुढे दिलेल्या आकड्यांहून सुमारे तीन टक्क्यांनी अधिक भरते. निष्कर्ष मात्र त्याने बदलत नाही.

प्रथम महागाईची जोड बाजूला ठेवू. २४ हजारांचा न बदलणारा हप्ता वीस वर्षे मिळाला आणि ठेवीवरील व्याज सात टक्के धरले, तर वर्तमान मूल्य सुमारे २ लाख ५४ हजार येते. पाच लाखांच्या निम्म्याहून ते किंचित अधिक आहे. याचा पडताळा आकडेमोडीवाचूनही घेता येतो. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार व्याज मिळते. त्यातून २४ हजार खर्च केले तरी मुद्दल शाबूत राहते आणि शिवाय ११ हजारांची भर पडते. स्थिर हप्ता असेल, तर निर्णय घेण्यासारखे काही उरतच नाही.

आता कायद्याने सांगितलेली निर्देशांकाची जोड धरू. भाव दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतात आणि हप्ताही तसाच वाढतो, असे मानू. पहिला हप्ता २४ हजार, दुसरा २५ हजार २००, तिसरा २६ हजार ४६०. प्रत्येक हप्ता वर सांगितल्याप्रमाणे आजच्या मोलात उतरवला, तर बेरीज सुमारे ३ लाख ७७ हजार होते. कच्च्या बेरजेत ७ लाख ९४ हजार दिसणाऱ्या वर्षासनाची आजची खरी किंमत ती ही. व्याजदर सातऐवजी सहा टक्के धरला तर ती ४ लाख १४ हजारांवर जाते; आठ टक्के धरला तर ३ लाख ४५ हजारांवर येते.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. हप्त्याची वाढ आणि ठेवीचे व्याज या दोन दरांतील अंतर जितके कमी, तितके वर्षासन मौल्यवान. अंतर शून्य झाले, म्हणजे भावही सात टक्क्यांनी वाढले आणि व्याजही सात टक्केच राहिले, तर प्रत्येक हप्त्याचे आजचे मोल सारखेच होते आणि वीस हप्त्यांचे मिळून ते सुमारे ४ लाख ४९ हजार भरते. तरीही पाच लाखांची बरोबरी होत नाही. ती होण्यासाठी, व्याज सात टक्के असताना, भाव वीस वर्षे सरासरीने सुमारे ८.२ टक्क्यांनी वाढत राहावे लागतात.

भाववाढ व्याजाच्या पुढे राहण्याचे दिवस भारताने पाहिले आहेत. २००९-१० पासून २०१३-१४ पर्यंत शेतमजुरांच्या निर्देशांकाची वार्षिक वाढ बहुतेक वर्षी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक होती. नवा कायदा संमत झाला तो नेमका या काळाच्या अखेरीस. पुढे हीच वाढ झपाट्याने उतरली आणि २०१७-१८ मध्ये ती दोन-तीन टक्क्यांपर्यंत आली. वीस वर्षांची सरासरी आठ टक्क्यांच्या वर राहीलच असे धरून निर्णय घेणे म्हणूनच धाडसाचे आहे.

निर्णय फिरवणारे एक वाक्य

एवढ्यावरून पाच लाखच घ्यावेत असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. वरील सर्व हिशेब एका गृहीतावर उभा आहे: पहिला हप्ता दोन हजारांचा असेल. कायद्याची भाषा ‘दोन हजारांहून कमी नाही’ अशी आहे. निर्देशांकाशी जोड ‘योग्य’ असावी असे तो सांगतो. ती कोणत्या महिन्यापासून मोजावी, हे अनुसूचीत सांगितलेले नाही.

समजा, कायदा अमलात आल्यानंतर दहा वर्षांनी हे कुटुंब बाधित झाले. जोड वर्षासन सुरू झाल्याच्या महिन्यापासून मोजली, तर पहिला हप्ता दोन हजारांचाच राहील. ती जानेवारी २०१४ पासून मोजली आणि त्या दहा वर्षांत भाव दरसाल पाच टक्क्यांनी वाढले असे धरले, तर पहिलाच मासिक हप्ता सुमारे ३ हजार २६० रुपयांचा होईल. अशा वर्षासनाचे वर्तमान मूल्य, तेच सात टक्के व्याज आणि तीच पाच टक्के वाढ धरून, सुमारे ६ लाख १४ हजार येते. पाच लाखांचा आकडा मात्र अनुसूचीत कोणत्याही निर्देशांकाशी जोडलेला नाही. वर्षे सरतात तशी त्याची क्रयशक्ती घटत जाते.

तेच दोन पर्याय, तेच व्याजदर. केवळ मोजणीचा प्रारंभ बदलला आणि उत्तर उलटले. सात टक्के व्याज व पाच टक्के वाढ या गृहीतांवर दोन्ही पर्याय समसमान ठरण्यासाठी पहिला मासिक हप्ता सुमारे २ हजार ६५० रुपये असावा लागतो. त्याहून कमी असेल तर एकरकमी रक्कम वरचढ, त्याहून अधिक असेल तर वर्षासन. म्हणून निवडीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पहिला हप्ता नेमका किती, त्यात वाढ दर किती महिन्यांनी होणार आणि ती कोणत्या महिन्याच्या निर्देशांकावरून मोजणार, या तीन बाबी लेखी मागणे आवश्यक ठरते. उत्तर ‘शासनाच्या नियमानुसार’ इतकेच मिळाले, तर पहिला हप्ता दोन हजारांचाच आहे असे धरून चालणे सुरक्षित.

वाढीचे कलम वाचण्याची रीत

हप्त्यांच्या योजनांत वाढीचे कलम किती परींनी लिहिले जाते, हे दोन प्रत्यक्ष उदाहरणांवरून दिसते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासाठी २०१६ मध्ये भू-एकत्रीकरणाची योजना पुढे आली, तेव्हा जमीन देणाऱ्यास विकसित भूखंडाखेरीज दहा वर्षे वार्षिक रक्कम देण्याचा प्रस्ताव होता. सुरुवातीच्या प्रस्तावात जिरायत जमिनीला हेक्टरी ५० हजार आणि बागायतीला एक लाख रुपये, आणि त्यात दरवर्षी दहा टक्के वाढ असे गणित होते. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांत या योजनेला तीव्र विरोध झाला. पुढे २०१७ मध्ये थेट खरेदीचा मार्ग खुला करण्यात आला आणि बहुसंख्य जमीनमालकांनी एकरकमी किंमत घेणे पसंत केले. जून २०२५ मध्ये महामार्गाचा अखेरचा इगतपुरी ते आमणे हा टप्पाही वाहतुकीस खुला झाला.

या प्रस्तावातील जिरायत जमिनीच्या दहा हप्त्यांची बेरीज हेक्टरी सुमारे ७ लाख ९७ हजार होते. सात टक्के व्याजाने त्यांचे वर्तमान मूल्य ५ लाख ३१ हजार भरते. दहा टक्के वाढ व्याजाहून अधिक असल्याने येथे नंतरचा प्रत्येक हप्ता आजच्या मोलातही आधीच्याहून मोठा होता. म्हणजे वाढीचे कलम उदार होते. मुदत मात्र दहाच वर्षांची होती, आणि उरलेला मोबदला भविष्यात विकसित होणाऱ्या भूखंडाच्या किमतीवर अवलंबून होता. ज्याची किंमत आज सांगता येत नाही, अशा भूखंडाला वर्तमान मूल्याच्या तक्त्यात बसवणे अवघड असते. शेतकऱ्यांनी हाती येणाऱ्या रकमेला दिलेले झुकते माप या दृष्टीने समजण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण हरयाणाचे. तेथील सरकारने २००७ च्या धोरणात जमिनीच्या किमतीशिवाय एकरी १५ हजार रुपयांचे वर्षासन ३३ वर्षांसाठी जाहीर केले आणि त्यात दरवर्षी ५०० रुपयांची वाढ ठेवली. पहिल्या वाढीच्या वेळी ५०० रुपये म्हणजे ३.३ टक्के होतात. रक्कम वाढत जाते तसे हेच ५०० रुपये टक्केवारीत आक्रसतात आणि अखेरच्या वर्षांत वाढ अवघी १.६ टक्के उरते. २०१० मध्ये हे आकडे वाढवून २१ हजार आणि ७५० रुपये करण्यात आले. वाढीची पद्धत तीच राहिली. ठराविक रुपयांची वाढ कागदावर दरवर्षी दिसते, परंतु भाव त्याहून वेगाने चढत असतील तर हप्त्याची क्रयशक्ती दरवर्षी घटतच असते. कोणत्याही देकारात वाढ टक्क्यांत आहे, रुपयांत आहे, की निर्देशांकाशी जोडलेली आहे, हे म्हणूनच सर्वप्रथम पाहावे.

व्याजदर कोणाचा धरायचा?

वर्तमान मूल्याच्या हिशेबात सर्वांत वादाचा भाग म्हणजे भागाकारासाठी घेतलेला दर. शासन, विमा कंपनी आणि मजूर कुटुंब यांचे दर वेगळे असतात. कुटुंबासाठी योग्य दर म्हणजे त्याला प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या सुरक्षित ठेवीचा दर. वर धरलेले सात टक्के हे त्याचेच एक उदाहरण आहे. जास्त परताव्याच्या आश्वासनावर आधारलेला दर धरला की एकरकमी पर्याय कागदावर उगाचच उजळ दिसतो.

कुटुंबावर कर्ज असेल तर मात्र दर ठेवीचा नव्हे, कर्जाचा धरावा लागतो. शेकडा तीन रुपये महिन्याने घेतलेल्या ५० हजारांच्या सावकारी कर्जावर वर्षाला १८ हजार रुपये व्याज जाते. दोन हजारांचे वर्षासन घेतले, तर २४ हजारांपैकी तीन चतुर्थांश रक्कम या व्याजातच संपेल आणि मुद्दल तसेच राहील. पाच लाखांतून ते कर्ज आधी फेडले, तर गुंतवलेल्या ५० हजारांवर छत्तीस टक्के मिळवल्यासारखे होते. असा परतावा देणारी सुरक्षित ठेव कोठेही नसते.

पाच लाखांचे स्वतःच बांधलेले वर्षासन

एकरकमी पर्यायावरील खरा आक्षेप आकड्यांचा नसून माणसाच्या स्वभावाचा आहे. गावात मोठी रक्कम आल्याची बातमी लपत नाही. लग्नकार्य, भावकीची उसनवारी, दुचाकी, घराचा स्लॅब अशा वाटांनी ती वर्ष-दोन वर्षांत विरते, आणि मग ना मजुरी उरते ना मोबदला. वर्षासनाचे मोठे बळ हेच की ते एकदम कोणाला मागता येत नाही. या आक्षेपालाही वर्तमान मूल्याने मोजमाप देता येते.

दोन हजारांनी सुरू होणाऱ्या वर्षासनाचे आजचे मोल ३ लाख ७७ हजार आहे. याचा अर्थ, पाच लाखांपैकी तेवढी रक्कम सात टक्के देणाऱ्या ठेवीत राहिली, तर तीतून कुटुंब स्वतःच तेच वर्षासन उभे करू शकते. पहिल्या वर्षाअखेर व्याजासह ४ लाख ३ हजार ६०० होतील. २४ हजार काढल्यावर ३ लाख ७९ हजार ६०० उरतील. दुसऱ्या वर्षी २५ हजार २०० काढल्यावर सुमारे ३ लाख ८१ हजार. काही वर्षे ही शिल्लक जवळजवळ स्थिर राहते, मग उतरू लागते आणि विसावा हप्ता काढल्यावर शून्यावर येते. वरचे १ लाख २३ हजार रुपये कर्जफेडीला, घरदुरुस्तीला किंवा शेळ्या-म्हशींसाठी मोकळे राहतात.

हीच त्या कुटुंबाची मर्यादारेषा. सुरुवातीलाच दोन लाख खर्ची पडले, तर उरलेल्या तीन लाखांतून तोच वाढता हप्ता जेमतेम पंधरा वर्षे पुरेल. तीन लाख खर्ची पडले, तर दहाव्या वर्षीच पैसे संपतील. तेव्हा नवरा अठ्ठेचाळीस वर्षांचा असेल. सव्वा लाखाच्या आत हात आवरता येईल असा विश्वास असणाऱ्या कुटुंबाला एकरकमी रक्कम फायद्याची आहे. तो विश्वास नसेल, तर वर्षासनाचे कागदावरील सव्वा लाखाचे नुकसान हा शिस्तीसाठी मोजलेला मोबदला मानावा लागेल. काही घरांत तो महाग नाही.

दोन्ही बाजूंची जोखीम

आकड्यांत न मावणारी जोखीम दोन्ही पर्यायांत आहे. ठेवीचा व्याजदर वीस वर्षांसाठी बांधून मिळत नाही. बँकांच्या मुदत ठेवी सर्वसाधारणपणे दहा वर्षांपर्यंतच्याच असतात. दर मध्येच उतरले, तर स्वतः बांधलेले वर्षासन तुटपुंजे पडते. वर सहा टक्क्यांना लागणारी रक्कम ४ लाख १४ हजार आली, ती हीच शक्यता दाखवते. सावध कुटुंबाने मोकळी रक्कम सव्वा लाखाऐवजी ८५ हजारच धरावी.

ठेव कोठे ठेवली यालाही तितकेच महत्त्व आहे. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पाच लाख एकाच बँकेत एकाच नावाने ठेवले, तर त्यावरील व्याज संरक्षणाबाहेर जाते. रक्कम दोन बँकांत विभागली की हा प्रश्न सुटतो. पतसंस्थांतील ठेवींना मात्र हे संरक्षण मुळीच नाही. सहकारी पतसंस्था गावोगावी आहेत आणि तेथे ओळखीच्या माणसाकडून एक-दोन टक्के जादा व्याज सुचवले जाते. वीस वर्षांच्या उदरनिर्वाहाच्या पैशाबाबत ते जादा व्याज म्हणजे न मोजलेल्या जोखमीची किंमत असते.

वर्षासनाच्या बाजूला पाहावयाचे ते देणारा कोण आहे. रक्कम विमा कंपनीकडे भरून कुटुंबाच्या नावे विमापत्र निघाले असेल, तर प्रकल्प संस्था पुढे राहो वा न राहो, हप्ता चालू राहतो. केवळ संस्थेच्या आश्वासनावर दरवर्षी धनादेश निघणार असेल, तर तो विलंबाने येण्याची किंवा बंद पडण्याची शक्यता धरून वर्तमान मूल्य कमी करावे लागते. हप्ता स्वीकारणारी व्यक्ती मध्येच निवर्तली तर उरलेली वर्षे तो कोणाला मिळेल, हेही विमापत्रात नोंदलेले असले पाहिजे. कायद्यातील वीस वर्षे कुटुंबाला आहेत, एका व्यक्तीला नाहीत.

शेवटी एक कायदेशीर मर्यादा. भूसंपादन कायद्यात अनेक राज्यांनी दुरुस्त्या केल्या असून महाराष्ट्रातही २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पात हे तीन पर्याय याच रूपात पुढे येतील असे नाही. आपल्या गावातील संपादन कोणत्या कायद्याखाली आहे आणि पुनर्वसनाचा कोणता भाग त्यास लागू आहे, हे भूसंपादन अधिकाऱ्याकडून आधी समजून घ्यावे. कुटुंबांची गणना होताना विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, तसेच सज्ञान मुलगा किंवा मुलगी, यांना कायदा स्वतंत्र कुटुंब मानतो. यादीत त्यांची नावे वेगळी लागली आहेत की नाहीत, हे तपासणे प्रथम. पाच लाख की वर्षासन, हा प्रश्न ज्याचे नाव यादीत आहे त्याच्यापुरताच उरतो. नाव सुटलेल्या कुटुंबाला दोन्ही पर्यायांचे वर्तमान मूल्य शून्य असते.